सिस्टरकाकू, टाचेच्या फोडासाठी थँक्यू

त्या वर्षीच्या वारीत पुणं, घाट, सासवड, हे सगळं नेहमीसारखंच झालं, त्याबद्दल काही लिहीत नाही. दिवे घाटात पावसाने झोडपलं एवढंच सांगते, कारण बूट आणि मोजे तिथे जे भिजले ते सासवडच्या मुक्कामातही वाळले नाहीत. तंबूत दोरीवर सगळ्यांचीच लुगडी आणि टॉवेल, ऊन नाही, मोजे तसेच दमट घालून जेजुरीकडे निघाले.

शिवरीचा विसावा झाला आणि थोड्या वेळात डाव्या टाचेत चटका बसायला लागला. पुढे हरिपाठाची लय मस्त लागलेली, मागून लोंढा, बाजूने एका टेंपोचा कर्णा कानात ओरडतोय, मला त्या टेंपोवाल्याचा इतका राग आला होता की पायाकडे लक्षच नव्हतं. मग एका पावलाला आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. बूट काढला तर सुपारीएवढा फोड, पाण्याने टम्म. दिंडीतल्या एक आजी लगेच म्हणाल्या, सुईत दोरा ओव, आरपार घाल आणि दोरा आतच राहू दे, पाणी झिरपून जातं. सुई काढलीसुद्धा त्यांनी.

"आजी, दोरा नको. पोरी, खाली बस." सिस्टरकाकू. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, दिंडीत सगळे त्यांना जरा घाबरूनच असतात. मी म्हटलं काकू, दिंडी पुढे जाईल. "जाऊ दे. जेजुरी कुठं पळून चाललीय?"

रस्त्याच्या कडेला दगडावर बसवलं. आधी स्वतःचे हात साबणाने धुतले, मग माझी टाच, टॅंकरवरून आणलेल्या पाण्याने. म्हणाल्या, फोड लहान असता, दुखत नसता तर हात लावला नसता, पण हा बुटात फुटणारच आहे, मग आपणच नीट रिकामा करू. पाकिटातली नवी निर्जंतुक सुई काढली, फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला दोन-तीन टोचे मारले आणि कापसाने हळू दाबत पाणी काढलं. वरची कातडी मी ओढायला गेले तर हातावर चापट. "ती तुझी पट्टी आहे. देवानं फुकट दिलेली. ती काढलीस तर खालचं मास उघडं पडेल." वर मलम, गॉज, आणि कडा दुमडू न देता चिकटपट्टी. दोऱ्याचं कारणही तेव्हाच सांगितलं, आजींना ऐकू जाईल अशा आवाजात: दोरा आत राहिला की बाहेरची घाण त्याच वाटेने आत जाते. लाली पसरायला लागली, पू आला, ठणका वाढला तर सरळ मेडिकल कॅंपला जायचं, आणि शुगरवाल्यांनी तर घरी सुई लावायचीच नाही.

आजी रुसल्या. मग जेजुरीत भंडारा लावायला त्याच पहिल्या पुढे आल्या.

पण काकूंनी शिकवलं ते हे नव्हे, पट्टी कुणीही करतं. त्यांनी विचारलं, "चटका कधी बसला?" म्हटलं शिवरीनंतर लगेच. "तेव्हाच बसायचं होतं. ओली कातडी मऊ पडते, घासली की आतला थर सुटतो, मग पाणी भरतं. चटका आणि फोड यांच्यामधे थोडा वेळ मिळतो बघ, तेवढ्यात पाय कोरडा कर, पट्टी लाव, मोजा बदल. दुखायची वाट बघायची नाही, त्याआधी बघायचं." आणि मग त्या माऊली माऊली करत उठल्या, माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन. मला रडूच आलं, का ते माहीत नाही, पाय तर आता कमी दुखत होता.

तेव्हापासून चटका बसला की मी रांग सोडून बसते, कोण काय म्हणेल ते म्हणो. समाजआरतीनंतर तळावर नव्या बायकांच्या टाचा बॅटरी मारून बघते, त्यांना वाटतं ही कोण आगाऊ.

पण काकू, खरं थँक्यू घरच्या गोष्टीसाठी आहे. आईला बरीच वर्षं शुगर आहे, तळपायाची जाणीव कमी झालीय, म्हणजे तिला चटका बसतच नाही. तुमचं ते "त्याआधी बघायचं" डोक्यात बसलं म्हणून मी रोज रात्री तिचे तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा बघायला लागले. ती चिडते, म्हणते मी काय वारीला निघालेय का. मागच्या पावसाळ्यात चपलेच्या पट्ट्याखाली छोटी जखम दिसली, तिला पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, ड्रेसिंग आणि चप्पल बदलणं एवढ्यावर भागलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लवकर आणलंत.

तुमचे गुडघे यंदा साथ देत नाहीत असं कळलं. मग सासवडपर्यंत गाडीने या, तळावर बसा आणि सगळ्यांना ओरडा, ते काम तुमच्याइतकं कुणाला जमत नाही. तुमची छोटी कात्री अजून माझ्याकडेच आहे, तेव्हा देते.