नंबर बदलला आणि मेल गेला दुकानदाराला

शेतावर जुन्या सिमला रेंजच नव्हती, म्हणून मे महिन्यात नवीन कंपनीचं सिम घेतलं. त्याच संध्याकाळी गूगल अकाउंटमध्ये रिकव्हरी फोन बदलला आणि जुनं सिम कपाटात टाकून दिलं. अर्ध्या तासात अमळनेरहून ओळखीच्या नेट कॅफेवाल्याचा फोन. "काय रे भाऊ, तुना नंबर बदलना का? माले मेल उना!"

त्याला कसा काय? मग आठवलं. दहा-बारा वर्षांपूर्वी माझा जीमेल त्यानेच काढून दिला होता. माझ्याकडे दुसरा ईमेल नव्हता, म्हणून रिकव्हरी ईमेलच्या रकान्यात त्याने स्वतःचा टाकला. इतकी वर्षं सुरक्षेच्या सूचना माझ्याबरोबर त्यालाही जात होत्या. पासवर्ड विसरल्याचं सांगून कोड मागवला असता, तर तोही त्याच्याकडे गेला असता. माणूस भला म्हणून निभावलं.

लगेच myaccount.google.com वर Security मध्ये जाऊन Recovery email ला बायकोचा पत्ता टाकला. वाटलं, सुटलो. पण तिथेच कळलं की रिकव्हरी फोन किंवा ईमेल बदलला तरी पुढचे 7 दिवस गूगल जुन्या ठिकाणी कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. पहिल्यांदा राग आला. नंतर पटलं: चोराने आत शिरून नंबर बदलला, तर खऱ्या मालकाला परत यायला तेवढीच फट उरते. फक्त माझ्या बाबतीत त्या फटीत दुकानदार उभा होता. त्याला सांगितलं, आठवडाभर कोड आला तर कुणाला देऊ नको, मला फोन कर.

खरी फजिती जूनमध्ये झाली. पोरीच्या प्रवेशाचे कागद काढायला दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं, पासवर्ड बरोबर, आणि कोड गेला जुन्या नंबरला! रिकव्हरी फोन वेगळा आणि 2-Step Verification मधला फोन वेगळा. एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही, हे मला कुठे माहीत? नशीब, कपाटातलं सिम अजून बंद झालं नव्हतं. मोबाइलमध्ये घालून ओट्यावर रेंज शोधत उभा राहिलो तेव्हा कोड आला. बंद पडलेला नंबर कंपनी निदान 90 दिवस दुसऱ्याला देत नाही. पण त्यानंतर तो कुणाच्याही हाती जाऊ शकतो, आणि मग माझे कोडही त्याच्याच हाती.

आत गेल्यावर आधी तिथे नवीन नंबर जोडला, त्यावर कोड येतो का ते पाहिलं, मगच जुना काढला. क्रम उलटा केला तर आपणच बाहेर राहायचो. बॅकअप कोडही काढले. एका वेळी 10 मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवलेत.

जुन्या सिमवर महिनाभराचा रिचार्ज मारला आहे. बँक आणि गॅसचं अजून बाकी आहे.