मे आणि ऑक्टोबर यांच्यात अडकलेले वेळापत्रक

कऱ्हा नदीच्या खोऱ्यातील एका लहान पाणलोटात पावसाचे नेमके किती पाणी जमिनीत मुरते, याचा तीन वर्षांचा अभ्यास आम्ही प्रस्तावित केला होता. प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यातील वेळापत्रकाचा परिच्छेद विभागात वर्षानुवर्षे चालत आलेल्या साच्याचा होता: ‘पहिल्या सहा महिन्यांत संदर्भवाचन व उपकरणांची खरेदी, पुढील दीड वर्षात क्षेत्रमापन आणि अखेरच्या वर्षात विश्लेषण व अहवाल.’ अंतर्गत परीक्षणात एका ज्येष्ठ भूजलतज्ज्ञ बाईंनी त्याच्या समासात एवढेच लिहिले, ‘मंजुरी जुलैत आली तर?’

तो प्रश्न बिनतोड होता. पाणीपातळीच्या चढउतारावरून पुनर्भरण काढायचे, तर पावसाआधीची मे महिन्यातील पातळी आणि पावसानंतरची ऑक्टोबरमधील पातळी अशी जोडीच लागते. विहिरीतील पाणी या काळात चार मीटरने वर आले आणि बेसाल्ट खडकाच्या आकारमानाच्या दोन टक्के पाणी त्यातून निथळते असे धरले, तर पुनर्भरण सुमारे ८० मिलिमीटर येते. यातील मेची नोंद हुकली तर ऑक्टोबरच्या नोंदीवरून चढ काढता येत नाही, आणि हुकलेला मे पुढच्याच वर्षी येतो. म्हणजे जुलैत सुरू होणाऱ्या तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या हाती दोनच पूर्ण जोड्या लागतात, तर मार्चअखेर मंजुरी मिळाल्यास तीन. आम्ही परिच्छेदात या दोन्ही शक्यता लिहिल्या आणि दोनच जोड्या मिळाल्यास वर्षागणिक होणाऱ्या बदलाविषयीचे उद्दिष्ट वगळले जाईल, हेही स्पष्ट केले. उद्दिष्ट आपणहून आखडते घ्यायला सहकारी नाखूश होते, पण दोन वर्षांच्या आकड्यांवरून कल सांगणे मला तरी पटणारे नव्हते.

त्यानंतर कोणते काम कशावर अडून आहे हे उलगडायला घेतले आणि खरा गुंता तिथे सुटला. जुन्या परिच्छेदानुसार स्वयंचलित पाणीपातळी नोंदयंत्रे आल्याखेरीज मोजणी सुरूच होणार नव्हती, आणि दरपत्रके, खरेदी समितीची मान्यता व पुरवठा या वाटेने यंत्रे केव्हा येतील याची खात्री कोणीच देत नव्हते. प्रत्यक्षात मेच्या नोंदीला लागतात त्या गोष्टी तीनच: खडू लावलेली पोलादी फीत, विहीरमालकाची लेखी संमती आणि फिरणारा एक माणूस. नोंदयंत्रे लागतात ती फक्त एखाद्या पावसानंतर पाणी किती दिवसांत चढते हे पाहण्यासाठी. म्हणून दोन्ही कामांची फारकत केली. यंत्रे उशिरा आली तर हे दुसरे विश्लेषण एका पावसाळ्याने पुढे जाईल, मूळ मोजणी थांबणार नाही, असे वाक्य घातले. संशोधन सहायकाच्या नेमणुकीला जाहिरात, मुलाखत आणि रुजू होणे यांत तीन महिने सहज जात असल्याने पहिला मे त्याच्यावरही सोपवला नाही; तो प्रमुख संशोधकाच्या नावावर टाकला.

टप्पा म्हणून ‘क्षेत्रमापन पूर्ण’ लिहिण्यात अर्थ नव्हता, कारण ते पूर्ण झाले की नाही हे कोणाला पडताळता येणार नव्हते. त्याऐवजी आम्ही लिहिले: ‘निवडलेल्या ४० विहिरींपैकी किमान ३० विहिरींच्या मे व ऑक्टोबर या दोन्ही नोंदी दर वर्षी नोव्हेंबरअखेर तपासून उपलब्ध असतील.’ मधल्या दहा विहिरी हा गळतीचा हिशेब आहे. काही विहिरी मेमध्ये कोरड्या पडतात, आणि तेव्हा पातळी तळाच्या खाली नेमकी किती गेली हे कळत नसल्याने तळापासून धरलेला चढ खऱ्यापेक्षा कमी भरतो. काही मालक उन्हाळ्यात विहीर खोल करतात किंवा कठडा नव्याने बांधतात, आणि ज्या खुणेपासून फीत सोडायची ती खूणच जाते. यासाठी कठड्याची उंची जमिनीपासून मोजून प्रत्येक फेरीत छायाचित्रासह नोंदवण्याची तरतूद केली.

जोखमीच्या वाक्यात आधी ‘अवर्षण’ हा एकच शब्द होता. आता त्यात शेतीपंपाच्या विजेचाही उल्लेख आहे. वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. पंप नुकताच बंद झालेल्या विहिरीत फीत सोडली तर पातळी खोटी खोल दिसते. त्यामुळे अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा मोजायचे आणि पाणी अजून चढत असेल तर दुसऱ्या दिवशी परत यायचे, असे ठरवले. साहजिकच एका दिवसात होणाऱ्या विहिरींची संख्या घटली आणि मेच्या फेरीचा कालावधी दुप्पट धरावा लागला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते; आमच्या दोन्ही फेऱ्या त्याच महिन्यांत ठेवल्याने संशयास्पद नोंद जवळच्या विहिरीशी ताडून पाहता येईल, हेही तिथेच नमूद केले.

परिच्छेद दुपटीहून लांबला. शब्दमर्यादा सांभाळण्यासाठी संदर्भवाचनाचे सहा महिने काढून टाकले. ते काम पहिल्या ऑक्टोबरपर्यंत मोजणीच्या बरोबरीने होऊ शकते.