चिलात चांगूस चकोन

मार्चअखेरीच्या धांदलीत एका दुपारी आमच्या लेखा शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझेच स्टिकर येऊन पडले. चष्मा कपाळावर ढकललेला, हातात उलटी धरलेली पावती आणि खाली ठळक अक्षरांत ‘सही कुठे आहे?’ एवढाच मजकूर. ज्याने ते कापले होते त्याची बोटे घाईत असावीत, कारण माझ्या खांद्यामागे खुर्चीच्या पाठीचा एक तुकडा तसाच राहून गेला होता आणि पांढऱ्या कडेमुळे तो मला फुटलेल्या पंखासारखा दिसत होता.

आमच्या या ग्रुपवर परिपत्रके, सुट्ट्यांच्या याद्या आणि ‘धन्यवाद सर’ यांखेरीज काही येत नाही. तेव्हा हे स्टिकर निघाले होते दुसरीकडे आणि वाट चुकून इकडे आले होते, हे उघडच होते. ती दुसरी जागा असणार, याची शंका मला फार दिवसांपासून होती. डबे उघडलेले असताना टेबलावरचे चार मोबाइल एकाच क्षणी थरथरत आणि माझा गप्प राही. मग चौघेही खाली बघून हसू दाबत, आणि कोणीतरी मला उगाचच लोणचे हवे का असे विचारी. लोणचे मी घेत असे.

पाठवणाऱ्या मुलाला चूक कळली, पण घाबरून त्याने ‘सर्वांसाठी’ऐवजी ‘माझ्यासाठी डिलीट करा’ हा पर्याय दाबला. ही चूक करणाऱ्याला पाच सेकंदांची मुदत मिळते, तेवढ्यात ‘पूर्ववत’ दाबले नाही तर संदेश त्याच्या एकट्याच्या मोबाइलवरून जातो आणि बाकी सगळ्यांकडे राहतो. मग त्याला तो पुसताही येत नाही आणि कोणी वाचला हे बघताही येत नाही. आता तो सर्वांसाठी काढू शकणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे ग्रुपचे ॲडमिन असलेले आमचे साहेब, आणि साहेब बैठकीत होते. म्हणून दोन वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत माझे स्टिकर तिथेच होते, आणि आठ माणसे ते न पाहिल्याचा अभिनय करत टॅलीच्या पडद्याकडे डोळे लावून बसली होती. त्या शांततेत मला एक गोष्ट कबूल करावी लागली, की स्टिकर उत्तम साधले होते. सही नसलेली पावती दिसली की मी अगदी तश्शीच बघते.

त्या तीन तासांत मला वाड्याचा जिना आठवला. ताई आणि तिच्या मैत्रिणी सुट्टीत तिथे बसून ‘च’च्या भाषेत बोलत, आणि मी दोन पायऱ्या खाली, खेळातले कच्चे लिंबू, त्यांच्या तोंडाकडे बघत असे. पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी त्याच स्वराचा ‘च’ ठेवायचा, एवढेच त्या भाषेचे गुपित मला उलगडायला अख्खा एप्रिल लागला. उलगडले तेव्हा केवढी निराशा झाली! इतके दिवस मला जे राजकारण वाटत होते ते ‘चैरीक’ आणि ‘चीठम’ होते. मागच्या आवारातली कैरी कोण पाडणार आणि मीठ कोणाच्या घरून आणायचे, इतकेच. मात्र प्रत्येक बेताच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असे: ‘चिलात चांगूस चकोन.’ तिला सांगू नको.

त्यांचे चुकत नव्हते, हे इथे लिहायला हवे. भाषा कळल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आईला जाऊन सांगितले. कैरी वाटली गेली नाही, ताईला मार बसला आणि मला मिठाचा खडासुद्धा मिळाला नाही. आज शाखेत साहेबांच्या टेबलावर फाइली घेऊन जाणारी मीच आहे, आणि कोणाची बिले का अडली हे साहेब मलाच विचारतात. मी सांगते. न सांगून कसे चालेल, असे मला अजूनही वाटते.

पाचच्या सुमारास स्टिकरच्या जागी साहेबांच्या नावानिशी तो संदेश काढल्याची करडी ओळ आली. जाता जाता तो मुलगा माझ्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, “मॅडम, त्या प्रवासबिलावर सही घेतली मी.” मी “बरं” म्हटले, कारण सही खरोखरच घेतलेली होती.

रात्री ताईला फोन केला आणि जिन्याचे विचारले. तिला कैरीचे झाड आठवत होते, मैत्रिणींची नावे आठवत होती, मिठाची पुडी कोणी परकरात लपवली तेही आठवत होते. मी तिथे बसत असे, हे मात्र तिला आठवत नव्हते.