के सेगमेंट, पाचर आणि पोकळी

“नवा यंत्रभाग आला आणि मराठीत त्याला शब्दच नसला, तर इंग्रजी नाव देवनागरीत लिहायचं की नवा शब्द घडवायचा? तुम्ही हे ठरवता कसं?”

तुम्ही विचारलंत म्हणून बोगद्याच्या कामातलं एकच उदाहरण जरा सविस्तर सांगतो. कुलाबा ते सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ मुंबईच्या पोटातून गेली. अशा बोगद्यात खोदकाम करणारं यंत्र पुढे सरकलं की त्याच्या शेपटाच्या आत काँक्रीटचे तयार वक्र तुकडे जोडून एक वर्तुळ पुरं करतात. हा तुकडा म्हणजे सेगमेंट आणि ते वर्तुळ म्हणजे रिंग. कामगारांसाठीच्या मराठी सूचना-पुस्तिकेत मी हे दोन्ही शब्द तसेच ठेवतो. प्रत्येक रिंगेला नंबर असतो आणि पाळीच्या अहवालात, नकाशावर, वॉकीटॉकीवर त्याच नावाने तो पुकारला जातो. रिंगेसाठी ‘कडे’ हा चांगला शब्द आहे, पण ‘कडे तपासा’ असं छापलं की वाचणारा ‘कोणाकडे?’ म्हणून अडतो.

खरी पंचाईत होते ती ‘की सेगमेंट’ची. रिंगेतले बाकीचे सेगमेंट बसले की शेवटी एक लहान, निमुळता सेगमेंट आडवा सरकवून वर्तुळ पुरं करतात. देवनागरीत तो ‘की सेगमेंट’ होतो आणि मराठीत ‘की’ला दुसरा अर्थ आहेच. ‘बाजूचा सेगमेंट बसवला की सेगमेंट पुसून घ्या’. या वाक्यात नक्की काय पुसायचं? जोडरेघ टाकली तरी कोणी मोठ्याने वाचून दाखवत असेल तर ती ऐकू येत नाही. ‘चावी’ म्हणावं, तर वर्कशॉपमध्ये शाफ्ट आणि पुली यांच्यामध्ये बसते तिलाच आधीपासून चावी म्हणतात.

राहिली ‘पाचर’. शब्द अस्सल, आकारही नेमका तोच. मला स्वतःला तो फार आवडला होता. (एखाद्याच्या कामात पाचर मारणं हा अर्थ कोणाच्या मनात आलाच, तर येऊ दे.) पण सुतार पाचर ठोकतो. हा सेगमेंट ठोकायचा नसतो. त्याच्या कडेला रबराचं गॅस्केट असतं. त्यावर वंगण लावून, मागच्या जॅकने हळूहळू ढकलत त्याला आत न्यायचं असतं. घाई केली तर गॅस्केट मुडपतं किंवा काँक्रीटचा कोपरा उडतो आणि मग त्याच सांध्यातून पाणी झिरपतं. शिवाय साइटवर लाकडी पाचरी वेगळ्या असतात. आकार बरोबर सांगून कृती चुकीची सुचवणारा शब्द सूचनेत नको. नकाशावर या सेगमेंटवर इंग्रजी ‘के’ हे अक्षर असतं आणि माणसं बोलताना तेच म्हणतात. म्हणून मी ‘के सेगमेंट’ लिहिला. पहिल्यांदा येतो तिथे ‘रिंग पुरी करणारा, पाचरीच्या आकाराचा शेवटचा सेगमेंट’ असं एकदा सांगून टाकलं.

याच कामातलं उलट उदाहरण घ्या. यंत्राचं कवच रिंगेपेक्षा मोठं असतं, त्यामुळे यंत्र पुढे गेलं की रिंग आणि खोदलेला खडक यांच्यात सगळीकडून वीतभराच्या आतली फट राहते. ती लगेच ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरावी लागते. नाहीतर वरची जमीन बसू शकते, आणि गिरगाव-काळबादेवीसारख्या भागात वर जुन्या चाळी उभ्या असतात. इंग्रजीत त्या फटीला ‘ॲन्युलर गॅप’ म्हणतात. हे देवनागरीत उतरवून काहीच साधत नाही. ती स्टोअरमधून मागवायची वस्तू नाही, तिच्यावर नंबर नाही. ग्राउटचा दाब अचानक घसरला तर काय झालं असेल हे पंपावरच्या माणसाला उमगायला हवं, आणि त्यासाठी ती फट डोळ्यांसमोर यायला हवी. तिथे मी ‘रिंगेमागची पोकळी’ असं लिहिलं. ‘वलयाकार अवकाश’ असंही सुचवण्यात आलं होतं. ते वाचून अंतराळ आठवतं.

१९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाची तत्त्वंही साधारण याच वाटेने जातात: आंतरराष्ट्रीय संज्ञा लिप्यंतर करून घ्याव्यात, संकल्पनांना आपले शब्द द्यावेत, आणि एका शब्दात दोन भाषांचा संकर चालतो. पण ‘के सेगमेंट’ वस्तू आहे की संकल्पना, याचं उत्तर तत्त्वांत सापडत नाही. म्हणून मसुदा झाला की मी पान मुकादमाला वाचून दाखवतो आणि त्याला त्याच्या शब्दांत पाळीला सांगायला लावतो. सांगताना त्याने माझा शब्द बदलला, तर बहुतेक वेळा त्याचाच पुस्तिकेत जातो.

शब्द घेतला तरी त्याला मराठीत चालावं लागतंच. रिंग स्त्रीलिंगी झाली, अनेकवचन ‘रिंगा’, सप्तमी ‘रिंगेत’, काही तक्रार नाही. सेगमेंटचं मात्र अजून ठरत नाही. साइटवर तो ‘तो’ आहे, कार्यालयातल्या मसुद्यांत ‘ते’. मी साइटबरोबर आहे, पण मुद्रितशोधक दर वेळी ‘ते’ करून पाठवतात.