"काय सांगतोस!" इंग्रजीत म्हणायचं कसं?

म्हाडाच्या लॉटरीत घर लागलं ही बातमी मुंबईत चार जणांना सांगितली, तर चार तऱ्हेची उत्तरं येतात. कट्ट्यावरचा मित्र म्हणतो, "चल, फेकू नको!" बहीण म्हणते, "काय सांगतोस काय!" शेजारच्या काकू म्हणतात, "अगंबाई, खरं की काय?" आणि ऑफिसातले साहेब मान वर करून म्हणतात, "हो का? अरे वा!" चौघांपैकी कुणालाही समोरचा खोटं बोलतोय असं वाटत नसतं. ज्याने त्याने आपापल्या नात्याला शोभेल तेवढ्या जोरात आश्चर्य दाखवलेलं असतं, एवढंच.

इकडे ब्रिटनमध्ये अशाच बातमीवर 'नो वे!', 'सीरियसली?', 'यू आर किडिंग!', 'यू आर जोकिंग!' यांतलं काहीतरी कानावर पडतं. तिकडून नव्याने आलेली मंडळी इथे दोनदा अडखळतात. ऐकताना वाटतं, याचा आपल्यावर विश्वास दिसत नाही, आणि मग ती पुरावे द्यायला लागतात. बोलताना मराठी उद्गाराचं शब्दशः इंग्रजी करतात आणि समोरचा बिचकतो.

ऐकण्याची अडचण सोपी आहे. उद्गारानंतर लगेच काय येतं ते बघा. "नो वे! व्हेन डू यू मूव्ह इन?" असं आलं, तर बोलणाऱ्याने बातमी मानलीसुद्धा, पुढची चौकशी सुरू झाली आहे. इथे मराठीत "काय सांगतोस!" हेच बसतं. उद्गारानंतर तो गप्प राहिला आणि तुमच्याकडे बघत थांबला, तर त्याला खरोखर खात्री करून हवी आहे, तिथे "खरंच?" किंवा "नक्की ना?" योग्य. डब केलेल्या मालिकांमध्ये सरसकट ऐकू येणारं "हे शक्यच नाही!" मात्र दोन्ही ठिकाणी चुकतं. बातमी ऐकून "शक्यच नाही" असं दादर स्टेशनवर कुणी ओरडल्याचं आठवतं का?

'शक्यच नाही' लागतं ते दुसऱ्या 'नो वे'ला. कारण हा शब्दप्रयोग दोन कामं करतो. एकटा आणि वर चढवून म्हटला तर आश्चर्य. त्याच्यामागे वाक्य जोडलं किंवा सुरात खाली दाबून म्हटला तर ठाम नकार. "नो वे आय अ‍ॅम पेइंग दॅट" म्हणजे "एवढे पैसे मी मुळीच देणार नाही". 'यू मस्ट बी जोकिंग' हेही बहुतेक वेळा नकाराच्याच बाजूचं आहे. भाडं ऐकून कुणी ते म्हणालं, तर मराठीत "भलतंच काय!" किंवा "छे, नावच काढू नको". तिथे "मस्करी करतोयस का?" असं भाषांतर केलं, की घर दाखवणाऱ्याने विनोद केला असा उगाच अर्थ निघतो.

'किडिंग' आणि 'जोकिंग' या शब्दांत मस्करी आहे खरी, पण वापरून वापरून ती झिजून गेली आहे. (अमेरिकेत 'किडिंग' जास्त, ब्रिटनमध्ये 'जोकिंग' जास्त, आणि आता दोन्हीकडे दोन्ही चालतात.) मराठीतल्या 'मस्करी'ला अजून धार आहे. "मस्करी करतोयस?" असं मुंबईत कुणाला विचारलं, तर तो थोडा तरी सावध होतो, कारण तो खरोखर प्रश्न असतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणून 'यू आर किडिंग!'चं वजन "काय सांगतोस काय!"एवढंच धरावं. जोर वाढवायचा असेल तर आपल्याकडे फार सोयीचं साधन आहे: शेवटी आणखी एक 'काय'. "काय सांगतेस!" आणि "काय सांगतेस काय!" यांतलं अंतर म्हणजे साधारण 'रिअली?' आणि 'यू आर किडिंग!' यांतलं अंतर. उलट 'रे' किंवा 'गं' लावलं की वजन तेवढंच राहतं, पण आवाज मऊ होतो. इंग्रजीत असे छोटे शब्द नाहीत. ते काम आवाजाची चढउतार आणि स्वराची लांबी करते. 'नो वेऽऽ' लांबवलं की जोर वाढतो.

आता उलटी वाट, कारण खरा गोंधळ तिथे होतो. "काय सांगतोस!"चं "व्हॉट आर यू सेइंग?" करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. मुंबईतल्या इंग्रजीत ते चालून जातं, सगळ्यांना कळतं. इथे त्याचा अर्थ होतो, "तुला नेमकं म्हणायचंय काय?" म्हणजे जवळजवळ जाब. सहकारी आनंदाने सांगतो की त्याला मुलगी झाली आणि आपण विचारतो, "तुला म्हणायचंय काय?" त्याचा चेहरा पडणारच. तिथे 'नो वे! दॅट्स ब्रिलियंट!' किंवा नुसतं 'ओ, वाव!' म्हणावं. 'यू डोन्ट से!' हा शब्दकोशात सापडणारा आणि दिसायला "काय सांगतोस!"च्या सगळ्यात जवळचा पर्यायही टाळावा. आजकाल तो बहुतेक वेळा टोमण्यासाठीच वापरतात, आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणी नव्याने सांगितली की "हो काऽऽ?" म्हणतात, तसा.

"काहीतरीच काय!"चं "व्हॉट नॉन्सेन्स!" करणं त्याच जातीचं. मराठीत कुणी स्वयंपाकाची तारीफ केली की लाजून "काहीतरीच!" म्हणतात, त्याला इंग्रजीत 'ओ, स्टॉप इट' हे बरोबर वजनाचं आहे. 'नॉन्सेन्स' म्हटलं तर तारीफ करणाऱ्याला आपण मूर्खात काढलं असं वाटू शकतं. "फेकू नको"चं "डोन्ट लाय" तर नकोच. लायर म्हणणं हा इथे गंभीर आरोप आहे, हसत म्हटलं तरी. जिवलग मित्राला 'यू आर हॅविंग मी ऑन' किंवा 'पुल द अदर वन' म्हणता येतं. ती 'फेकू नको'ची इंग्रजी भावंडं.

गंमत म्हणजे "चल!" आणि "हट्!" मात्र जसेच्या तसे सापडतात. उत्तर इंग्लंडमध्ये 'गेट अवे!' आणि 'गिव्ह ओव्हर!', अमेरिकेत 'गेट आउट!', आणि दोन्हीकडे 'शट अप!' हे सगळे आनंदी आश्चर्याचे उद्गार आहेत. शब्दशः घेतले तर हाकलून देणं किंवा तोंड बंद करणं, अर्थ मात्र "जा गं, काहीतरीच!" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला 'शट अप' झोंबतं. चेहरा बघितला की उलगडतं, कारण म्हणणाऱ्याचे डोळे विस्फारलेले असतात. हा प्रकार फक्त बरोबरीच्यांत चालतो, आपल्या 'चल'सारखाच. वडीलधाऱ्यांना "चल" म्हणत नाही, "काय सांगताय काका!" म्हणतो, तसं वरिष्ठांशी बोलताना जोर एक पायरी खाली आणावा: 'रिअली? दॅट्स वंडरफुल न्यूज.' इंग्रजीत तू आणि तुम्हीचा भेद नसल्याने आदर क्रियापदात दाखवता येत नाही. तो उद्गाराच्या निवडीतच दाखवावा लागतो.

'सीरियसली?' हा सगळ्यांत फसवा. सूर शेवटी वर गेला तर "खरंच?" सूर खाली पडला, विशेषतः डोळे मिटून किंवा उसासा टाकून, तर तो वैताग आहे: "काय हे!", "आता हे काय नवीन?" बातमी कसली आहे यावरूनही ओळखता येतं. स्टेशनच्या फलकावर गाडीपुढे 'कॅन्सल्ड' असं आलं आणि शेजारचा प्रवासी 'सीरियसली?' किंवा 'आर यू किडिंग मी?' म्हणाला, तर तिथे अविश्वासाचा पत्ताच नाही. मेगाब्लॉक आहे हे विसरून स्टेशनवर पोचलेला माणूस जे म्हणतो तेच ते: "झालं!" हे एकच 'झालं' अशा जागी कुठल्याही लांब भाषांतरापेक्षा चपखल बसतं. 'मी' जोडलेलं 'किडिंग मी' बरेचदा वैतागाचं आणि 'मी' नसलेलं 'यू आर किडिंग' बहुधा आश्चर्याचं, ही खूण कच्ची असली तरी उपयोगी आहे.

जाता जाता: 'सिरियस' हा शब्द मराठीत हॉस्पिटलचा आहे. "बाबा सिरियस आहेत" याचं "डॅड इज सीरियस" केलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल वडील गंभीर स्वभावाचे आहेत. 'सीरियसली इल' किंवा 'इन अ क्रिटिकल कंडिशन' म्हणावं लागतं.

वाईट बातमीला जोर कमी आणि आवाज हळू. कुणाची नोकरी गेली हे कळल्यावर खणखणीत 'नो वे!' म्हणजे आपल्याकडे "आईशप्पथ!" ओरडण्यासारखं, शब्द चुकीचा नाही, जागा चुकीची. 'ओ नो. आय अ‍ॅम सो सॉरी' आधी आणि 'व्हॉट हॅपन्ड?' नंतर, हा क्रम पाळावा. मराठीत "अरे देवा" म्हणून मग "असं कसं झालं?" विचारतो, तोच हा क्रम.

शेवटी उत्तराचं. 'नो वे!' आल्यावर समोरचा 'आय नो!' म्हणतो. त्याचं "मला माहीत आहे" झालं की संवाद मेला, तिथे "हो ना!" किंवा "मग काय!" हवं. उलट दिशेने, मुंबईत खात्री देताना "आईशप्पथ" म्हणतात, त्याचं 'मदर प्रॉमिस' इथे कुणाला कळत नाही. 'ऑनेस्टली!' पुरतं, आणि जवळच्यांत 'आय स्वेअर'. खरं तर बरेचदा तेही लागत नाही, कारण त्याने आधीच मानलेलं असतं. म्हाडाच्या सोडतीचा स्क्रीनशॉट काढून दाखवायची घाई करू नये; नुसतं 'आय नो, आय कान्ट बिलीव्ह इट आयदर' म्हणावं.

फोनवरच्या मेसेजमध्ये सूरच नसतो, त्यामुळे नुसतं 'सीरियसली?' पाठवलं तर वाचणारा ते वैतागाचं धरण्याची शक्यता जास्त. आनंद असेल तर पुढे चार शब्द जोडावेत, 'नो वे, सो हॅपी फॉर यू' असे. मराठीतही "खरंच?" आणि "खरंच!!" यांत तोच फरक आहे, आणि घरच्या ग्रुपवर चुकीचं चिन्ह टाकलं तर मावशी लगेच फोन करून विचारते, "तुला पटलं नाही का?"