रॅम्पची आतली कड

कुठल्याही सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गेले की मी आधी भिंती बघते. वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर बंपरच्या उंचीला रंगाचे ओरखडे असले, आतल्या कोपऱ्याचं प्लास्टर गुडघ्याएवढ्या उंचीवर उडालेलं असलं, की काय चुकलंय ते नकाशा न बघता कळतं. ही सवय मला कोथरूडच्या एका पुनर्विकासाच्या कामाने लावली. त्यात पहिला नकाशा माझाच होता, आणि तसाच बांधला असता तर तिथल्या भिंतीही आज अशाच दिसल्या असत्या.

प्लॉट साधारण 28 बाय 46 मीटरचा. तळमजला आणि बेसमेंट यांच्या पातळीत 3.30 मीटरचा फरक, त्यात रॅम्पच्या तोंडाशी रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून ठेवलेला 15 सेंटिमीटरचा उंचवटा धरलेला. यायला एक आणि जायला एक असे 3 मीटर रुंदीचे दोन रॅम्प. वर येणारा रॅम्प लांब बाजूने सरळ बसला, त्याचा कधीच त्रास झाला नाही. उतरणाऱ्याच्या वाटेत मात्र ट्रान्सफॉर्मरची जागा आणि जिना येत होता, त्यामुळे त्याला मध्येच काटकोनात वळवावं लागलं.

हिशोब सोपा वाटला. नियमावलीप्रमाणे 1:8 पेक्षा खडा उतार नको. 3.30 ला 8 ने गुणलं, 26.4 मीटर. वरून 16 मीटर सरळ, मग 4.5 मीटर त्रिज्येचं वळण, त्याची लांबी 7 मीटर, आणि खाली उरलेली सव्वातीन मीटर सरळ. बेसमेंटमध्ये 38 गाड्या बसत होत्या, मंजुरीला 36 लागत होत्या. मी खूश होते.

इमारतीच्या सांगाड्याचा हिशोब करणारे आमचे आरसीसीवाले सर कमी बोलतात. त्यांनी नकाशावर वळणाच्या आतल्या कडेला पेन्सिल टेकवली आणि विचारलं, “मॅडम, इथला उतार किती?”

मी म्हटलं, “एकास आठ.”

“मोजा.”

मोजला. 1:8 होता तो रॅम्पच्या मधल्या रेषेवर. वळणात मधली रेषा 7.07 मीटर चालते आणि तेवढ्यात 88 सेंटिमीटर खाली उतरते. आतल्या कडेची त्रिज्या 3 मीटर, म्हणून तिची लांबी फक्त 4.71 मीटर, पण उतरायचं तेवढंच, 88 सेंटिमीटर. म्हणजे उतार झाला 1:5.3. बाहेरच्या कडेला त्याच वेळी 1:10.7. एकाच गाडीची डावी चाकं जवळजवळ दुप्पट खड्या उतारावर आणि उजवी निवांत. अशा पिळलेल्या पृष्ठभागावर गाडी तिरकी होते, आणि चालवणारा नेमका तेव्हाच स्टिअरिंग पूर्ण वळवून ब्रेकवर पाय ठेवून असतो.

दुसरा प्रश्न रुंदीचा होता, आणि इथे कागदाने मला जास्त फसवलं. गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आत कापत जातात. त्यामुळे वळणारी गाडी तिच्या रुंदीपेक्षा बरीच जास्त जागा खाते. पुढचं बाहेरचं चाक 5.2 मीटर त्रिज्येत फिरवणारी, पुढच्या-मागच्या चाकांत 2.6 मीटर अंतर असलेली मध्यम सेदान घ्या. पायथागोरसने काढलं तर तिचं आतलं अंग साधारण 2.9 मीटरवरून जातं आणि बंपरचा बाहेरचा कोपरा 5.7 मीटरवरून. म्हणजे पावणेदोन मीटरच्या गाडीला 2.8 मीटरचा पट्टा लागतो. माझा पट्टा 3 मीटरचा, 3 ते 6 त्रिज्येचा. बसली! दोन्हीकडे बोटभर जागा उरली, पण बसली. मोठ्या एसयूव्हीचा तोच कोपरा काढला तर 6.17 मीटर आला. पलीकडे भिंत 6 मीटरवर.

सोसायटीच्या कमिटीला हे आकडे सांगून उपयोग नव्हता. वळण मोठं करायचं आणि त्यात तीन गाड्या कमी होणार म्हटल्यावर कोण ऐकणार? म्हणून एका रविवारी सकाळी सात वाजता जुन्या इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत मी वळण आखलं. एक खुंटी ठोकली, 3 मीटर आणि 6 मीटरच्या दोऱ्या फिरवल्या, फक्कीने रेघा मारल्या आणि बाहेरच्या रेघेवर वीट उभी, मग हातभर अंतर, मग वीट अशी भिंत केली. आतल्या रेघेवर रंगाचे रिकामे डबे. गॅलऱ्यांमध्ये चहाचे कप घेऊन लोक उभे राहिले.

सेक्रेटरी काकांनी आपली सेदान आणली. पहिल्या खेपेला एक डबा गेला. दुसऱ्यांदा ते एकदम हळू, पूर्ण स्टिअरिंग वळवून निघाले आणि पार झाले. “जमतंय की हो मॅडम,” म्हणाले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची एसयूव्ही आली. त्या रोज ती गाडी चालवतात, हात बसलेला आहे. तरी तीन विटा पडल्या, मग त्यांनी मागे घेतली, परत पुढे, आणि चौथी पडली. काच खाली करून त्यांनी काकांना विचारलं, “काका, इथे सपाटीवर हे असं. तिथे उतारावर मागे कोणीतरी हॉर्न वाजवत असताना मी रिव्हर्स मारू का?”

काका काही बोलले नाहीत. पण मीटिंगमध्ये ठराव मांडला तो त्यांनीच.

नवीन वळण असं झालं: आतली त्रिज्या 4.5 मीटर, बाहेरची 8.5, म्हणजे वळणापुरती रुंदी 4 मीटर. आणि वळणातला उतार मधल्या रेषेवर 1:8 ऐवजी 1:12. तसं केल्यावर 10.2 मीटरच्या वळणात 85 सेंटिमीटर उतरतो आणि आतल्या कडेचा उतार 1:8.3 येतो. जी कड सगळ्यात खडी, ती 1:8 च्या आत ठेवायची आणि मधली रेषा तिच्यामागून ठरू द्यायची, एवढाच बदल. मी आधी उलटं केलं होतं.

त्याच वेळी दोन्ही टोकांना 3.6 मीटरचे अर्ध्या उताराचे, 1:16 चे तुकडे घातले. सपाटीवरून थेट 1:8 वर गाडी गेली की माथ्यावर तिचं पोट साधारण 8 सेंटिमीटर खाली येतं. रिकाम्या गाडीला ते चालतं, पण पाच माणसं, डिकीत सामान आणि माथ्यावर एखादी जाळी वर आलेली असली की घासतं. मधे अर्धा उतार टाकला की एका मोठ्या कोनाचे दोन छोटे होतात आणि प्रत्येक ठिकाणी 4 सेंटिमीटरच जातात. अट एकच, तो तुकडा गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा लांब हवा. आखूड असला तर दोन्ही कोन एकाच वेळी पोटाखाली येतात आणि फायदा बराचसा जातो.

रॅम्पची एकूण लांबी 26.4 वरून 33.4 मीटर झाली आणि तीन गाड्या गेल्या. उरल्या 35, मंजुरीला एक कमी.

ती एक शोधायला मी आणि सर कॉलमच्या नकाशावर बसलो. मागच्या ओळीत 5.6 मीटर अंतरावर तीन कॉलम होते, 300 बाय 750 मिलिमीटरचे, आणि तिघांचीही 750 ची बाजू गाड्यांच्या रुंदीत आडवी. दोन कॉलमांमध्ये मोकळे 4.85 मीटर राहत होते. अडीच मीटरच्या दोन गाड्यांना 5 मीटर लागतात, म्हणून 15 सेंटिमीटरसाठी प्रत्येक गाळ्यात एकच गाडी आणि बाजूला स्कूटर दाखवल्या होत्या. कॉलम फिरवले, 750 ची बाजू गाडीच्या लांबीत घेतली, तर मोकळे 5.30 मिळतात. दोन गाळे, दोन गाड्या.

“सगळेच फिरवा ना मग,” मी म्हटलं. सरांनी मान हलवली. भूकंपाच्या हिशोबात इमारतीला दोन्ही दिशांना ताकद लागते, सगळे कॉलम एकाच दिशेला तोंड करून उभे केले तर दुसरी दिशा लुळी पडते. ते तीन फिरवले आणि जिन्याजवळचे तीन उलट दिशेला वळवले, कारण तिथे गाडी लागतच नव्हती. 37 झाल्या. त्यातली भिंतीलगतची एक जागा मी 2.8 मीटर रुंद ठेवली, नाहीतर ड्रायव्हरला दार उघडून उतरताच येत नाही. ओळींच्या मधला रस्ता 6 मीटर होता, त्याला कोणी हात लावला नाही.

साइटवर वळण कसं उतरवायचं हा वेगळाच उद्योग. मिस्त्रीला 1:12 सांगून तो वळणावर कुठे मोजणार? म्हणून खुंटीच्या जागेवरून 15-15 अंशांवर रेघा काढल्या, एकूण सहा भाग. प्रत्येक भागाला 14.2 सेंटिमीटर उतार. प्रत्येक रेघेची पातळी आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही भिंतींवर लाल रंगाने मारली.

मिस्त्रीने एकदाच विचारलं, “एका रेघेवर दोन्हीकडं सारखंच ना?”

“सारखंच.”

“मग सोपं हाय.”

वळण खरंच बिनचूक झालं. घोळ झाला तो सरळ, सोप्या भागात. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी मी ट्यूब लेव्हल घेऊन आतल्या कडेने दर मीटरला पातळी बघत खाली गेले. वरून पहिल्या 3.6 मीटरमध्ये 22.5 सेंटिमीटर उतरायला हवं होतं. प्लायवर ते साडेपस्तीसच्या आसपास भरलं. अर्ध्या उताराचा तुकडा दीड मीटरचाच होता. त्यानंतर सरळ 1:8 सुरू, आणि त्यामुळे खाली सगळं शटरिंग हवं त्यापेक्षा खाली गेलेलं. तो फरक झाकायला वळणाच्या तोंडाशी एक पायरीसारखा उंचवटा करून लाल खुणेला जुळवून घेतलं होतं. सुपरवायझर म्हणाला, प्लायची शीट 3.6 ला कापावी लागली असती, वाया गेली असती. रात्री अकरापर्यंत टेकू वर-खाली करत बसलो आणि काँक्रीटची गाडी सकाळऐवजी दुपारी बोलावली.

पृष्ठभागावर आडव्या, तिरक्या रेघा ओढल्या, तळाशी पूर्ण रुंदीची जाळी टाकली. जाळी फरशीच्या बरोबरीला बसवायला तिला दोनदा काढावं लागलं.

ताबा दिल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी तिथे गेले. उंचवट्याशी पाणी अडून रस्त्याकडे वळत होतं. वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर ओरखडा नव्हता. आतल्या कडेच्या कठड्यावर मात्र वळण जिथे संपतं तिथे टायरची एक काळी, हातभर लांब रेघ होती. वॉचमनला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “सेक्रेटरी काका.”