तोडणीचं नियोजन दिवसांवर नाही, तासांवर : माझा अनुभव

खायच्या द्राक्षाची तोडणी आणि मजुरांचं गणित बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं, प्रत्यक्षात ते एकच काम आहे. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, म्हणजे गोडी कमी असताना तोडलं तर ती कमीच राहते, आणि जास्त थांबलं तर मणी गळायला लागतात. त्यात घड ओला असताना कात्री लावायची नाही आणि ऊन तापल्यावरही नाही. म्हणजे दिवसातले खरे कामाचे तास उरतात तीन-चार. एका सीझनला सगळं नियोजन मी याच तासांवर केलं, ते कसं केलं ते सविस्तर लिहितोय.

पहिलं काम म्हणजे गोडी मोजणं. रिफ्रॅक्टोमीटर सगळ्यांकडे असतो पण मणी कुठून घेता यावर सगळं आहे. घडाच्या वरच्या भागातले मणी टोकाच्या मण्यांपेक्षा गोड असतात, उन्हाकडच्या बाजूचे आणि सावलीतले यांच्यातही फरक पडतो. म्हणून वरचे, मधले, टोकाचे, दोन्ही बाजूंचे आणि प्लॉटच्या नुसत्या कडेच्या नाही तर आतल्या ओळींतलेही असे शंभरेक मणी गोळा करायचे, एकत्र चुरून रस काढायचा आणि मग ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचा आकडा, बघायचा. दर दोन-तीन दिवसांनी हे केलं की आपल्या बागेत ब्रिक्स रोज किती वाढतोय ते कळतं. आमच्याकडे स्वच्छ ऊन असताना दिवसाला साधारण ०.२ वाढत होता, ढगाळ हवेत त्याहून कमी.

आता प्रत्यक्ष गणित. त्या रविवारी वरच्या प्लॉटचा ब्रिक्स आला १७.२, मोठ्या प्लॉटचा १६.४ आणि खालच्याचा १५.५, आणि आम्हाला तोडायचं होतं १७ ला. माल अंदाजे वरच्यात ३०० क्रेट, मोठ्यात ६००, खालच्यात ४००. एक माणूस घड कापून, खराब मणी काढून तासाला साधारण २ क्रेट भरतो (हा आकडा स्वतःच्या टोळीचा मोजून घ्या, दुसऱ्याचा वापरू नका). म्हणजे वरच्याला १५० माणूस-तास, मोठ्याला ३०० आणि खालच्याला २००. तोडणारी माणसं २५, रोज ४ तास मिळाले तर दिवसाला १०० माणूस-तास. कागदावर छान बसत होतं, सोमवार आणि अर्धा मंगळवार वरचा प्लॉट, बुधवारी मोठा १७ ला पोचतो म्हणून बुधवार ते शुक्रवार मोठा, आणि पुढच्या आठवड्यात खालचा.

पण ते ४ तास रोज मिळतातच असं नाही, आणि इथेच बहुतेक वेळापत्रकं कोलमडतात. सकाळी काम कधी सुरू होणार हे दवावर ठरतं आणि दव किती पडणार याचा अंदाज आदल्या संध्याकाळी बऱ्यापैकी येतो. आकाश निरभ्र, वारा बंद आणि रात्रीचं किमान तापमान दवबिंदूच्या जवळ जाणार असेल तर भरपूर दव पडणार, त्या दिवशी सुरुवात उशिरा. वारा असेल किंवा ढग असतील तर सकाळी घड बहुतेक कोरडेच सापडतात. हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू दिसतो, लोक फक्त पावसाची टक्केवारी बघतात. आणि घड सुकला की नाही हे वरून बघून समजत नाही, हातात घेऊन मणी हळूच बाजूला करून आत बघायचं, बाहेरून कोरडा घड आतून ओला असतो आणि तसाच क्रेटमध्ये गेला की तिथून कुजायला सुरुवात होते. पूर्वेकडे झाडांची सावली पडणाऱ्या ओळी खूप उशिरा सुकतात, त्यामुळे आधी उघड्यावरच्या ओळी घ्यायच्या, नुसत्या एवढ्या बदलाने सुरुवात बरीच लवकर करता येते. थांबायचं कधी तर आम्ही मण्यात थर्मामीटर खुपसून बघतो, आतलं तापमान ३० च्या आसपास गेलं की कात्र्या खाली.

सोमवारी अंदाज आला की शुक्रवारी संध्याकाळी पाऊस, आणि मंगळवारपासूनच्या रात्री निरभ्र, वारा नाही. म्हणजे मोठ्या प्लॉटच्या तिन्ही दिवशी दव, ४ ऐवजी ३ तास, दिवसाला १०० ऐवजी ७५. तीन दिवसांचे २२५, गरज ३००ची, म्हणजे ७५ तास कमी, १५० क्रेट पावसात सापडणार. पिकलेल्या द्राक्षावर पाऊस पडला की मणी तडकतात आणि तडकलेल्या मण्यावर बुरशी यायला वेळ लागत नाही, त्यामुळे हे सोडून देण्यासारखं नव्हतंच.

पहिला विचार येतो माणसं वाढवायचा. पण २५ जण तासाला ५० क्रेट भरतात, ते उचलून सावलीत नेणारी माणसं तेवढीच राहिली तर नुसते तोडणारे वाढवून काही होत नाही, ओळीच्या तोंडाशी भरलेले क्रेट उन्हात साचायला लागले की समजायचं अडलंय कुठे ते. म्हणून मी मोठ्या प्लॉटचा ब्रिक्स ओळीनुसार परत घेतला. उन्हाकडच्या कडेच्या ओळी सोमवारीच १७ ला पोचल्या होत्या. मंगळवारी वरचा प्लॉट अर्ध्या वेळात संपणार होता, उरलेले २ तास गुणिले २५ माणसं म्हणजे ५० तास या ओळींवर लावले. राहिले २५ तास, त्यासाठी गुरुवार-शुक्रवार पाच जण जास्त आणि सोबत क्रेट उचलायला एक माणूस, ३ तासांचे दोन दिवस म्हणजे ३० तास. शुक्रवारी दुपारच्या आत प्लॉट मोकळा झाला.

हे सगळं मजुरांच्या बाजूने बघितलं तर त्यांना रोज उद्याची वेळ माहीत नसते, आणि तासांवर पैसे असतील तर ज्या दिवशी काम कमी त्या दिवशी नुकसान त्यांचं, मग माणूस दुसरीकडे जाणारच आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून मुकादमांशी बसून ठरवलं की हजर राहिलेल्याला किमान ४ तासांचे पैसे मिळणार, काम ३ तास झालं तरी. उरलेल्या वेळात क्रेट धुणं, खाली पडलेले घड गोळा करणं अशी सावलीतली कामं. दव किती पडणार तो अंदाज घेऊन संध्याकाळी सातच्या आत सगळ्यांना दुसऱ्या दिवशीची वेळ मेसेजने जाते. आमच्या तोडणीतल्या मावशी म्हणाल्या, "उशिरा या म्हटलं तरी चालतंय, पण रात्री सांगा, पहाटे उठून बसायला लावू नका." बरोबरच आहे ते.

पाऊस शुक्रवारी रात्री आला. खालचा प्लॉट शुक्रवारी १६.५ वर होता, पावसानंतर १६ वर उतरला, कारण मण्यात पाणी शिरलं. ०.२ च्या वेगाने १७ व्हायला अजून पाच दिवस, ढगाळ राहिलं तर त्याहून जास्त, म्हणून सोमवारचं काम गुरुवारवर ढकललं आणि शनिवारी सकाळीच मुकादमांना कळवलं म्हणजे टोळीला मधल्या दिवसांत दुसरीकडे काम घेता आलं. त्या प्लॉटमध्ये रोज देठाजवळच्या भेगा आणि घडाच्या आतले मऊ मणी बघत होतो, असे घड वाढत गेले असते तर ब्रिक्स १७ ची वाट न बघता आधीच तोडलं असतं. तसं झालं नाही, गुरुवारी ब्रिक्स १६.९ आला, घड आतून कोरडे होते, आणि नऊला पहिली कात्री लागली.